दातांचं वर्षाचं पॅकेज घेतलं पण वापरलंच नाही, पैसे परत मिळतात का आणि किती?

माझी मावशी डोंबिवलीला राहते, तिच्या सोसायटीत ऑगस्टमध्ये एका रविवारी मोफत दंत तपासणी शिबिर होतं. खाली मांडव, चार खुर्च्या, पांढरे कोट घातलेली मुलंमुली, तपासून झालं की शेजारच्या टेबलावर एक ताई बसलेली आणि तिच्याकडे रंगीत कागद. मावशी, काका आणि माझा मावसभाऊ अशा तिघांचं वर्षाचं फॅमिली पॅकेज ७,२०० रुपयांना घेतलं, कागदावर छापलेली किंमत १४,४०० म्हणजे अर्ध्या किमतीत, "आजच घेतलं तर". मग सप्टेंबरमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मावशी नागपूरला गेली ती जानेवारीतच परत आली, काका एकटे काही दातवाल्याकडे जाणारे नाहीत आणि भावाला ऑफिसातून वेळ नाही. फेब्रुवारीत ड्रॉवर आवरताना तो कागद सापडला. क्लिनिकला फोन केला तर उत्तर आलं, पॅकेज नॉन रिफंडेबल आहे मॅडम.

आता इथे बरेच लोक सोडून देतात, सात हजारासाठी कोण भांडणार म्हणून. पण सोडायच्या आधी एवढं समजून घ्या की पॅकेज म्हणजे नेमकं काय विकत घेतलंय आपण. हा विमा नाही. विम्यात तुम्ही आजारी पडला नाहीत तरी कंपनीने वर्षभर धोका अंगावर घेतलेला असतो, म्हणून नुसतं "मी क्लेम केलाच नाही" एवढ्यावर हप्ता परत मागता येत नाही. पॅकेजमध्ये क्लिनिकने कसलाच धोका घेतलेला नाही, तुम्ही ठरावीक कामांचे पैसे आगाऊ भरलेत आणि ती कामं अजून व्हायची आहेत, लग्नाच्या हॉलचा अॅडव्हान्स असतो ना तसंच काहीसं. हा फरक डोक्यात पक्का ठेवा कारण काउंटरवरची मंडळी "मॅडम हे इन्शुरन्ससारखंच असतं" असं सर्रास बोलतात. (आणि खरंच जर तुमचं चेकअप एखाद्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीबरोबर फुकट आलेलं असेल तर मात्र त्याचे वेगळे पैसे तुम्ही भरलेलेच नाहीत, तिथे रोख परत मागायला काही उरत नाही, पुढचं सगळं त्या लोकांसाठी नाही.)

एक कडू गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही की क्लिनिकमध्ये जाऊन घेतलेली कुठलीही सेवा इतक्या दिवसांत विनाकारण रद्द केली की पूर्ण पैसे परत. त्यामुळे "माझा विचार बदलला" एवढंच म्हणून शंभर टक्के हक्क सांगाल तर समोरचा ऐकणार नाही आणि त्याचं फारसं चुकतही नाही. पण त्याचा अर्थ उलट टोकाला जाऊन "पावतीवर नॉन रिफंडेबल लिहिलं म्हणजे सगळे पैसे आमचे" असाही होत नाही. खरी भांडणाची जागा या दोघांच्या मधे आहे, परत मिळणार का यापेक्षा किती कापून मिळणार ही.

ते कापणं कशावर ठरतं? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्यात कलम ७४ आहे. सोप्या भाषेत ते म्हणतं की करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची असं आधी लिहून ठेवलेलं असलं तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाईच, आणि लिहिलेली रक्कम ही फार तर कमाल मर्यादा. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण म्हणजे डीडीएविरुद्ध कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात हेच लावलं, तिथे भूखंडाची बयाणा रक्कम डीडीएने जप्त केली होती आणि कोर्टाने विचारलं की तुमचं नुकसान काय झालं, नुकसान नाही तर जप्ती कसली. भूखंड कुठे आणि दात कुठे हे मलाही कळतं, आणि आपली केस हुबेहूब तशीच आहे असंही नाही, पण प्रश्न तोच विचारायचा. माझ्या तीन स्केलिंग झाल्याच नाहीत, त्याचा डॉक्टरचा वेळ गेला नाही, सामान वापरलं गेलं नाही, एक्सरे काढलेच नाहीत, मग तुमचं नुकसान कुठल्या मापाने मोजलंत? शिबिर लावायला खर्च आला, विकणाऱ्या ताईला कमिशन गेलं, कागदपत्रं केली, हे मान्य, त्याचं थोडंफार कापा. सगळेच कसे कापता?

आता आकडे मांडते कारण खरी गंमत तिथेच आहे. मावशीच्या कागदावर असं होतं: तपासणी प्रत्येकी २ म्हणजे एकूण ६, दर ५००, झाले ३,०००. स्केलिंग म्हणजे दातांची सफाई तिघांची ३, दर २,०००, झाले ६,०००. पॉलिशिंग ३, दर १,०००, झाले ३,०००. आणि ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा तो मोठा एक्सरे, ३, दर ८००, झाले २,४००. बेरीज १४,४००, आणि दिले ७,२००. तेव्हा पॅकेजच्या हिशोबात प्रत्येक गोष्ट निम्म्या दराने पडलेली आहे, तपासणी २५० ला, स्केलिंग हजाराला.

फोनवर दोनतीनदा बोलल्यावर क्लिनिकने "स्पेशल केस म्हणून" हिशोब पाठवला. शिबिरात तिघांचे दात बघितले त्या ३ तपासण्या वापरल्या, ५०० प्रमाणे १,५०० वजा. अॅडमिन चार्ज २५ टक्के, १,८०० वजा. उरले ३,९००, आणि तेही बँकेत नाही तर क्लिनिकच्या अॅपमधल्या वॉलेटमध्ये, सहा महिन्यांत वापरायचे. म्हणजे बघा, ज्या बाईने काहीही वापरलं नाही तिचे जवळजवळ निम्मे पैसे गेले आणि उरलेले पुन्हा त्याच दुकानात अडकले!

यात तीन ठिकाणी हात मारलेला आहे आणि जवळपास प्रत्येक पॅकेजच्या रिफंडमध्ये हेच तीन सापडतात, मग ते दातांचं असो की फुल बॉडी चेकअप. पहिली गोष्ट दराची. विकताना निम्मा दर आणि वजा करताना पूर्ण दर. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण वापर जरा जास्त झाला असता तर काय होतं बघा: समजा दोन स्केलिंग, दोन पॉलिशिंग आणि तीन तपासण्या झाल्या असत्या तर पूर्ण दराने ७,५०० होतात, म्हणजे भरलेल्या ७,२०० पेक्षा जास्त, परत शून्य, वर अजून निम्म्या सेवा बाकी! पॅकेजच्या दराने तेच ३,७५० होतात आणि ३,४५० परत येतात. कंपनीचं म्हणणं असतं की सवलत पूर्ण पॅकेज घेतल्याबद्दल होती, अर्धं सोडलं तर सवलत गेली. त्यात थोडं तथ्य आहे, तुम्ही तीनचतुर्थांश वापरून मग रद्द करत असाल तर तुमची बाजू तशीही लंगडी. पण काहीच किंवा नाममात्र वापरलं असेल तर हे म्हणणं टिकवणं त्यांना जड जातं, त्यात आणि घेताना तुम्ही सही केलेल्या कागदावर "रद्द केल्यास वापरलेल्या सेवा मूळ दराने धरल्या जातील" असं वाक्य नसेल तर आणखीच. तो कागद शोधा. नसेल तर त्यांच्याकडे मागा, तुमची सही असलेली प्रत.

दुसरी गोष्ट, काय "वापरलं" म्हणून धरलं. मावशीकडे शिबिराच्या बॅनरचा फोटो होता, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेक्रेटरींनीच टाकलेला, त्यावर ठळक अक्षरात मोफत लिहिलेलं. मोफत तपासणी पॅकेज विकल्यावर मागच्या तारखेने पैशाची कशी होते? हा फोटो नंतर सगळ्यात जास्त कामाला आला. चेकअपच्या पॅकेजमध्ये हाच प्रकार "डॉक्टर कन्सल्टेशन" नावाने होतो, विक्रीच्या वेळी फोनवर कुणीतरी दोन मिनिटं बोलतं आणि ते कन्सल्टेशन वापरल्यात जमा होतं. रद्द करताना म्हणून आधी वापराची नोंद मागायची, कुठली सेवा, कुठल्या तारखेला, कुणी दिली.

तिसरं वॉलेट. आगाऊ भरलेल्या पैशाच्या बदल्यात पुन्हा तिथेच खर्च करायचं कूपन हा रिफंड नाही, ती मुदतवाढ आहे, तीसुद्धा कमी पैशांची. तुम्ही तसेही त्याच डॉक्टरकडे जाणार असाल, समजा काकांची रूट कॅनल करायचीच आहे, तर घ्या बिनधास्त, उलट तेव्हा पूर्ण ७,२०० ची क्रेडिट मागा कारण त्यात त्यांचं जातंच काय. पण नको असेल तर अॅपमध्ये "अॅक्सेप्ट" दाबू नका आणि "फुल अँड फायनल" लिहिलेल्या मेलला ओके म्हणू नका, एकदा मान्य केलं की मग नंतर मला कळलं नव्हतं म्हणणं अवघड.

मग पुढे काय केलं तर आधी पावती नीट बघितली, पैसे घेतले कुणी. हे लोक बघतच नाहीत. क्लिनिकचं नाव एक, पावतीवर कंपनीचं नाव दुसरं, आणि मेंबरशिप कार्ड तिसऱ्याच कुणाचं असू शकतं. चेकअपमध्ये तर अॅपवरून घेतलेलं असलं की अॅप म्हणतं लॅबला विचारा आणि लॅब म्हणते अॅपला विचारा. ज्याच्या नावाने पावती आहे त्याच्याकडे मागायचं, दुसऱ्याला कॉपीत ठेवायचं. अॅपवरून घेतलं असेल तर एक फायदा आहे, ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तिथे तक्रार अधिकारी असावाच लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, आणि कंपनी स्वतः एकतर्फी रद्द करते तेव्हा तसाच चार्ज स्वतः भरत नसेल तर तुमच्याकडून कॅन्सलेशन चार्ज घेता येत नाही. मावशीचं टेबलावरचं होतं त्यामुळे हे लागू नव्हतं. ऑफिसने काढून दिलेलं चेकअप असेल तर पैसे ऑफिसचे, परत गेले तर ऑफिसला जातील, तुम्ही फार तर एचआरला सांगून तारीख वाढवून घ्या.

पावतीवर जीएसटी आहे का तेही बघा. दवाखान्याच्या उपचारसेवेला साधारण जीएसटी नसतो (निव्वळ सौंदर्यासाठीचं काम वेगळं), पण मेंबरशिप कार्ड विकणाऱ्या कंपन्या १८ टक्के लावतात आणि रिफंडच्या वेळी "तो टॅक्स सरकारला भरला, तो मिळणार नाही" म्हणतात. हे अर्धसत्य आहे. सेवा दिली नाही तर विक्रेत्याला क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढता येते, आणि नुसता अॅडव्हान्स घेऊन बिल झालं नसेल तर रिफंड व्हाउचर, त्याचा भरलेला टॅक्स जुळवून घेता येतो. फक्त क्रेडिट नोटला मुदत आहे, आर्थिक वर्ष संपल्यावर येणारी ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी त्यांनी वार्षिक रिटर्न भरलं तर तेव्हापर्यंतच. म्हणून फार जुनं प्रकरण असेल तर त्यांची अडचण खरी असू शकते, पाचसहा महिन्यांचं असेल तर नाही.

मग मेल. फोन नाही, मेल, कारण रद्द केल्याची तारीख पॅकेजच्या वर्षाच्या आत असल्याचा पुरावा हवा आणि फोनवरचं कुणालाच आठवत नाही. मी मावशीसाठी लिहिलेला साधारण असा होता: "अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या पावतीने ७,२०० रुपये भरून घेतलेलं फॅमिली पॅकेज आजपासून रद्द करत आहे. यातील स्केलिंग ३, पॉलिशिंग ३, ओपीजी ३ आणि तपासण्या ६ यापैकी काहीही घेतलेलं नाही. शिबिरातील तपासणी मोफत असल्याची जाहिरात सोबत जोडली आहे. आपला २५ टक्के चार्ज कोणत्या खर्चाचा आहे आणि मी सही केलेल्या कोणत्या अटीप्रमाणे आहे ते कळवावे. वाजवी प्रक्रिया खर्च वजा करून रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात १५ दिवसांत जमा करावी." बस एवढंच. मनस्ताप, मानहानी, वकील लावीन वगैरे काही नाही, ते लिहिलं की मेल वाचणारा माणूस तो उचलून लीगलकडे टाकतो आणि मग महिना जातो.

पंधरा दिवस उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५ वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार टाका, फुकट आहे, पावती, मेल आणि बॅनरचा फोटो जोडला. हे कोर्ट नाही हे लक्षात ठेवा, ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत. पण काउंटरवरच्या माणसाच्या वरच्या माणसापर्यंत कागद पोचतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. मावशीला अकराव्या दिवशी फोन आला, आवाज एकदम गोड, आधी ५,००० म्हणाले, मग १० टक्के कापून ६,४८० वर ठरलं. मला वाटतं तिने अजून ताणलं असतं तर थोडे वाढले असते, पण ती म्हणाली पुरे झालं, मला नातवाकडे बघायचंय, तर ठीक आहे.

तेवढ्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि हे वाटतं तेवढं भयंकर नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार e-jagriti.gov.in वरून भरता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं हेड ऑफिस बेंगळुरूला असलं तरी. मुदत दोन वर्षांची, आणि हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे म्हणून ती थांबत नाही. एक बारीक गोष्ट मात्र, जी वकील नसलेले लोक चुकतात. नव्या कायद्यात "अन्यायकारक करार" असा वेगळा शब्द आहे आणि एकतर्फी अटी म्हटलं की तोच वापरावासा वाटतो, पण त्या मुद्द्यावरची तक्रार जिल्ह्यात नाही, राज्य आयोगाकडे जाते. सात हजारासाठी तिथे कोण जाणार! म्हणून जिल्ह्याच्या तक्रारीत "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" हे शब्द धरायचे आणि बॅनर, दुप्पट दराची वजावट, लेखी उत्तर न देणं हे त्याखाली मांडायचं. वेळ लागतो तिथे, महिने जातात, हे गृहीत धरा.

आता ज्यांचं वर्ष उलटून गेलंय त्यांचं. तुमची बाजू इथे खरंच कमजोर होते, कारण क्लिनिक म्हणतं आम्ही वर्षभर तयार होतो, तुम्हीच आला नाहीत, आणि यात दम आहे. तरीही एक वेगळी वाट असते, तुम्ही मागितलं आणि त्यांनी दिलं नाही असं झालंय का? शनिवार-रविवारची अपॉइंटमेंट मागितली आणि "स्लॉट नाही" आलं, जवळची शाखा मधेच बंद झाली आणि आता ठाण्याला या म्हणतात, घरी येऊन रक्त घेणारा दोनदा आलाच नाही, यातलं काही असेल तर विषय "मी वापरलं नाही" हा राहतच नाही, "तुम्ही दिलं नाही" हा होतो, मग मुदत संपली तरी मागणी जोरात करता येते. त्यासाठी मेसेज हवेत. म्हणून वर्ष संपायला दोन महिने असतील आणि जायला जमेल की नाही अशी शंका असेल तर व्हॉट्सअॅपवर लेखी तारीख मागून ठेवा, दिली तर जाऊन या, नाही दिली तर पुरावा झाला. यातलं काहीच नसेल तर रिफंडचा हट्ट सोडून मुदतवाढ किंवा नाव बदलून मागा, कारण रिकाम्या खुर्चीवर कुणीही बसलं तरी क्लिनिकचं काही जात नाही, आणि मॅनेजरला ते देण्याचा अधिकार बऱ्याचदा असतो, पैसे परत द्यायचा नसतो.

आणि ज्यांनी पॅकेज ईएमआयवर घेतलंय त्यांनी कृपा करून एक चूक करू नका, रागाने हप्ता थांबवू नका. टेबलावर टॅबलेटवर ओटीपी दिलात ना, तेव्हा क्लिनिकचा हप्ता नाही बांधला, एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलंत, त्यांनी क्लिनिकला पैसे तेव्हाच चुकते केले. क्लिनिकशी भांडण चालू असलं तरी कर्ज चालूच असतं आणि हप्ता बाउन्स झाला की दंड तर लागतोच, सिबिललाही तुमच्याच नावाची नोंद होते. अगदी ताजं असेल, एकदोन दिवसांचं, तर कर्जाच्या कागदात कूलिंग ऑफ पीरियड दिलेला असतो का बघा, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो निघून गेला असेल तर रद्द केल्याचा मेल क्लिनिक आणि फायनान्स कंपनी दोघांना एकत्र पाठवायचा. क्लिनिक रिफंड फायनान्स कंपनीला करतं, त्यातून कर्ज मिटतं, उरलं तर तुमच्याकडे येतं. क्लिनिकने "केलं सर" म्हटल्यावर विश्वास ठेवून बँकेतला हप्ता आपोआप कापायचा मॅन्डेट बंद करायचा नाही, आधी फायनान्स कंपनीचं कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात घ्यायचं. फायनान्स कंपनी ३० दिवस दाद देत नसेल तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, पण ती फायनान्स कंपनीची, क्लिनिकची नाही. क्रेडिट कार्डाने एकदम पैसे भरलेल्यांना यापेक्षा सोपं आहे, सेवा मिळालीच नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, त्याला साधारण १२० दिवसांची वगैरे मुदत असते, बँकेला लगेच विचारा, आणि तिथेही तोच मेल, तीच पावती जोडायची.